डाव्या डोळ्यातला ठिपका

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला, पडद्याआड एक अरुंद खोली होती. एक टेबल, एक आरसा, हात धुवायचं बेसिन आणि डोळा मोठा करून बघायचं एक यंत्र, एवढंच तिथलं सामान. त्या खोलीत बसून बारा वर्षं लोकांना कॉन्टॅक्ट लेन्स घालायला शिकवणाऱ्या बाईला सगळे लेन्सताई म्हणत. नवीन माणूस आला की ती आधी त्याला साबणाने हात धुवायला लावायची, मग ते कोरडे करायला लावायची, आणि मगच डबी उघडायची. कुणी घाईत ओल्या हातांनी आलं तर परत बेसिनपाशी पाठवायची. डोळ्यात बोट घालायचंय, खिशात नाही, असं म्हणायची. माणसं हसायची, पण हात पुसून यायची.

त्या शनिवारी अकराच्या सुमाराला तिचा फोन वाजला. वहिनीचा होता.

वहिनी म्हणजे तिच्या मोठ्या भावाची बायको. शहरातल्या बस चालवायची. डेपोतली एकुलती एक बाई ड्रायव्हर, आणि तेही नऊ वर्षं. अंगाने किरकोळ, आवाजाने दणदणीत. नणंद वयाने लहान असली तरी वहिनी तिला थट्टेने 'वन्सं' म्हणायची आणि अहोजाहो करायची. घरात हा खेळ लग्नापासून चालत आला होता.

आजही तिने सुरुवात तशीच केली. वन्संबाई, एखादं साधं डोळ्यात घालायचं औषध सांगा, डावा डोळा जरा लाल झालाय. कालपासून खुपतंय, रस्त्यावर धूळ फार, एखादा कण गेला असेल. तिच्या कंडक्टरने त्याच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशननंतरची उरलेली बाटली आणून दिली होती. तिच्यातले दोन-दोन थेंब काल संध्याकाळी आणि आज पहाटे घातले, तर लाली थोडी उतरली. पण दुखणं काही जाईना.

लेन्सताईने हातातलं काम खाली ठेवलं. दुखतंय की नुसतं टोचतंय, असं तिने विचारलं. दुखतंय, आतून ठणकल्यासारखं. उजेड सहन होतो का? नाही होत, म्हणून तर काळा चष्मा लावून बसलेय. दिसतंय कसं?

"पुढच्या गाडीचा नंबर डाव्या डोळ्याने पुसल्यासारखा दिसतो," वहिनी म्हणाली. "पण उजवा ठणठणीत आहे की."

"आत्ता लेन्स डोळ्यात आहे?"

"काढली होती सकाळी. धुतली आणि परत घातली. लेन्सशिवाय मला माझी बससुद्धा दिसत नाही."

"कशाने धुतली?"

 वहिनी म्हणाली की डेपोतल्या नळाखाली, स्वच्छ पाणी येतं इथे.

लेन्सताईने तिला तिथल्या तिथे लेन्स काढायला सांगितली. दोन्ही काढ, फेकू नकोस, डबीत ठेव आणि डबीही सांभाळून ठेव. ते थेंब पुन्हा घालू नकोस. स्टिअरिंगला हात लावू नकोस. वहिनी म्हणाली की पावणेबाराची फेरी आहे, शनिवारी बदली ड्रायव्हर मिळत नाही, ती फेरी आटपून बघते. आणि फोन ठेवला.

दुकानाच्या मालकांना लेन्सताईने एका वाक्यात सांगितलं आणि पर्स उचलून बाहेर पडली. डेपो पंधरा मिनिटांवर होता. गाडीत बसल्यावर मात्र तिला नुसती वहिनीची काळजी नव्हती, स्वतःच्याही दोन चुका आठवत होत्या.

वहिनीचा नंबर मोठा होता, उणे साडेआठ. चष्मा लावला की काचा बाटलीच्या बुडासारख्या दिसायच्या आणि बाजूच्या आरशातली गाडी कडेला वाकडी व्हायची. नोकरी लागली तेव्हा एका उतारूने तोंडावर विचारलं होतं, एवढ्या जाड चष्म्याची बाई आम्हाला कुठे नेणार. त्या आठवड्यात वहिनी लेन्सताईच्या खोलीत येऊन बसली होती. तेव्हा लेन्सताईने तिला सगळं शिकवलं होतं, अगदी घोटून घेतलं होतं. पण पुढे घरचंच माणूस म्हणून सगळं सैल पडलं. इतर गिऱ्हाइकांना वर्षातून एकदा यंत्रापुढे बसवल्याशिवाय ती लेन्सचा नवीन खोका देत नसे. वहिनीचे खोके मात्र पर्समध्ये टाकून घरी नेऊन द्यायची. शेवटचा डोळा कधी तपासला, ते तिने गाडीत बसून आठवून पाहिलं. दोन वर्षं होऊन गेली होती.

आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. मागच्या सुट्टीत ती भावाकडे गेली होती. वहिनी दुपारची झोपून उठली आणि उठल्या उठल्या समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघून म्हणाली, चार वाजले की. उणे साडेआठवाल्या माणसाला त्या अंतरावरून भिंतीवर घड्याळ आहे की थाळी आहे, हेही कळू नये. लेन्सताईच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. लेन्स घालून झोपतेस का गं, असं तिने विचारलंही होतं. डुलकीच होती, असं म्हणून वहिनीने विषय उडवला, आणि तिनेही तो उडू दिला. पाहुणी म्हणून गेलेल्या माणसाने कशाला शहाणपणा शिकवायचा, असं तिला वाटलं होतं.

डेपोत बायकांसाठी एक लहानशी विश्रांतीची खोली होती. एक खाट, एक लोखंडी कपाट, खिडकीला जुनं वर्तमानपत्र चिकटवलेलं. वहिनी खाटेवर बसली होती. काळा चष्मा तसाच होता आणि डाव्या गालावरून पाण्याची ओळ आली होती. लेन्स मात्र काढलेल्या होत्या. नणंद आत आली ते तिने आवाजावरून ओळखलं.

लेन्सताईने दार लावलं, कोपऱ्यातल्या नळावर साबणाने हात धुतले आणि वहिनीला खिडकीकडे पाठ करून बसवलं. मग छोटी बॅटरी काढून बाजूने उजेड टाकला. वहिनीने डोळा गच्च मिटला. तीन वेळा प्रयत्न केल्यावर एकदाचा तो नीट उघडला. पांढऱ्या भागात लाली होतीच, आणि बुबुळाच्या कडेभोवती ती जास्त गडद होती. आणि बुबुळावर, खालच्या बाजूला, मोहरीएवढा एक पांढुरका ठिपका होता. तिने दोनदा पाहिला. कण असता तर तो हलला असता किंवा चमकला असता. हा काचेवर दुधाचा थेंब सुकावा तसा होता.

"डबी दाखव," ती म्हणाली.

कपाटात, हेअरपिनांच्या आणि कंगव्याच्या शेजारी लेन्सची डबी होती. झाकणाच्या आट्यांमध्ये तपकिरी चिकटा साठला होता, आणि आतलं पाणी गढूळ होतं. कालच्या पाण्यात आजचं ओतायचं, लेन्स भिजवायच्या सोल्यूशनची बाटली लवकर संपू नये म्हणून, असं वहिनीने खालच्या आवाजात सांगितलं. ही डबी कधीची, हे तिला आठवेना. दर तीन महिन्यांनी बदलायची हे तिला माहीत होतं. सगळंच माहीत होतं.

"रात्री घालून झोपतेस?"

वहिनीने काळा चष्मा पुन्हा लावला. पहिली पाळी पाचची असते, ती म्हणाली. साडेतीनला उठायचं. त्या वेळी बोटं थंडीने काकडलेली, डोळे चिकटलेले, एक लेन्स बसायला दहा मिनिटं जायची. एकदा चुकून तशीच झोपली आणि सकाळी काहीच झालं नाही. मग दुसऱ्यांदा. मग सोमवारी घालायच्या आणि रविवारी काढायच्या, असं गेलं दीड वर्ष चाललं होतं.

लेन्सताई तिच्या शेजारी खाटेवर बसली आणि आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या हॉस्पिटलात जायचं आहे, असं तिने सांगितलं. सोमवारी नाही, संध्याकाळी नाही. वहिनीने मान हलवली. पुढच्या महिन्यात तिची डोळ्यांची वार्षिक तपासणी होती. त्यात पास झालं तरच स्टिअरिंग. हॉस्पिटलच्या कागदावर नाव चढलं की डेपोत बोभाटा होईल, आणि मग तिला तिकीट खिडकीवर बसवतील. ज्यांना पहिल्या दिवसापासून तेच हवं होतं त्यांना आयतंच फावेल. चार दिवस सुट्टी टाकते, चष्मा लावते, डोळ्याला आराम देते, असा तिने सौदा घातला.

"वहिनी, हा आरामाने जाणारा डोळा नाही," लेन्सताई म्हणाली. "बुबुळाला जखम झालीय आणि त्यात जंतू शिरलेत. ते थेंब कंडक्टरने दिले ना, त्यात बहुतेक सूज उतरवायचं औषध असणार. ऑपरेशननंतर तेच देतात. त्याने लाली दबते आणि आतले जंतू मोकळे सुटतात. आज ठिपका कडेला आहे. दोन दिवसांत तो मधोमध आला तर तपासणी पास व्हायला डोळाच राहायचा नाही."

वहिनीने गालावरचं पाणी पुसलं. बाहेर कुणीतरी बस मागे घेत होतं, तिचा आवाज येत राहिला.

"तू घाबरवत नाहीयेस ना मला?" तिने विचारलं. वन्सं नाही, अहोजाहो नाही.

"मीच घाबरलेय," लेन्सताई म्हणाली.

वहिनी उठली. फेऱ्या लावणाऱ्या कंट्रोलरच्या खिडकीपाशी ती स्वतः गेली, नणंदेला बोलू दिलं नाही. डोळ्याला जंतू लागलाय, गाडी चालवणं धोक्याचं आहे, हॉस्पिटलात जाते, असं तिने सरळ सांगितलं. कंट्रोलर वयस्कर, कुरकुऱ्या माणूस. त्याने तिच्याकडे पाहिलं, पावणेबाराची फेरी रद्द केल्याची नोंद केली आणि गाडी हवी का विचारलं. तिला ज्याची ज्याची धास्ती होती त्यातलं काहीच झालं नाही. निघताना लेन्सताईने डबी, लेन्स, सोल्यूशनची बाटली आणि ते उरलेले थेंब, सगळं एका पिशवीत भरून घेतलं.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी नारिंगी रंगाची पट्टी डोळ्याला टेकवली आणि यंत्रातला निळा दिवा लावला. त्या उजेडात ठिपक्यावरची जखम हिरवीगार चमकली. त्यांनी लेन्सताईलाही भिंगातून बघू दिलं. दीड मिलिमीटर, दृष्टीच्या मध्यरेषेपासून थोडी दूर. मग डोळा बधिर करणारे थेंब घालून त्यांनी बारीक पात्याने जखमेचा कडेचा भाग खरवडला. थोडा काचेवर पसरला, थोडा जंतू वाढवून बघायच्या ताटल्यांवर लावला. औषध सुरू करायच्या आधी हे करावं लागतं, नाहीतर कुठला जंतू आहे ते कळत नाही, असं त्या म्हणाल्या. पिशवीतली डबी आणि लेन्स पाहून त्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झाला. बहुतेक लोक ही फेकून येतात, त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दोन्ही प्रयोगशाळेत पाठवून दिली.

वहिनीने विचारलं की इतके दिवस काही झालं नाही, मग आताच कसं झालं. डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता उत्तर दिलं. बुबुळात रक्ताच्या नळ्या नसतात, ते श्वास घ्यावा तशी हवा बाहेरून घेतं. झोपेत पापणी मिटली की ती आधीच कमी पडते, त्यात वर लेन्सचं झाकण. वरचा थर नाजूक होतो, त्याला बारीक चिरा पडतात. अश्रू हलत नाहीत, धुऊन निघत नाही, आणि घाणेरड्या डबीतले जंतू लेन्सला चिकटून तिथेच रात्र काढतात. "दीड वर्ष तुम्ही वाचलात," त्या म्हणाल्या. "तेवढंच."

लेन्सताईला तेव्हा गप्प बसता आलं असतं. कुणी तिला काही विचारलं नव्हतं. पण तिने सांगितलं की लेन्स मीच देत होते, दोन वर्षं डोळा न तपासता दिल्या, आणि ही घालून झोपते अशी शंका येऊनही विचारायचं टाळलं. डॉक्टरीणबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि दुकानाचं नाव विचारून कागदावर लिहून घेतलं. वहिनी म्हणाली, झोपत मी होते, ती नव्हती. 

दर तासाला जंतुनाशक थेंब, दिवसा आणि रात्रीही, पहिले दोन दिवस. बाहुली मोठी ठेवणारं दुसरं औषध, ठणका कमी व्हावा म्हणून. डोळ्यावर पट्टी बांधायची नाही, चोळायचा नाही, पाणी लागू द्यायचं नाही. रोज येऊन दाखवायचं. लेन्सताईच्या भावाने पाळ्या लावल्या आणि गजर लावून थेंब घातले. पहिल्या दिवशी तो बायकोवर चिडला, बहिणीवर चिडला. मग रात्री तिसऱ्या गजराला उठल्यावर त्याला चिडायलाही त्राण उरलं नाही.

सोमवारी ठिपका तेवढाच होता. वहिनी खचली. एवढं सगळं करून काय उपयोग, असं ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की वाढला नाही हीच चांगली बातमी आहे, अशी जखम एका दिवसात दुप्पट होऊ शकते. मंगळवारी प्रयोगशाळेचा अहवाल आला. ओलसर जागी, नळाच्या पाण्यात, सिंकमध्ये आढळणारा एक हट्टी जंतू डोळ्यातही सापडला, लेन्सवरही आणि डबीतही. चालू औषध त्याला लागू पडत होतं. बुधवारी वहिनीने स्वतःहून पडदा अर्धा उघडला आणि उजेड टोचत नाही म्हणाली. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

जखम भरायला साडेतीन आठवडे लागले. मागे राहिला एक करडा डाग, कडेला असल्यामुळे नजरेच्या फारसा आड न येणारा. चष्म्याने डाव्या डोळ्याला तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली नाही, तिच्या वरची आली. वार्षिक तपासणी दोन महिने पुढे ढकलली गेली. डेपोत बोभाटा झाला, तो व्हायचाच होता. काही जण हळहळले, एक-दोघांनी तिकीट खिडकीचा विषय काढलाच. मधले आठवडे तिला तिथे बसावंही लागलं. तिने ते तोंड वाकडं करून का होईना, निभावलं. तपासणीत ती पास झाली.

लेन्सताईने तिला पातळ काचांचा चष्मा करून दिला, लहान फ्रेमचा, म्हणजे कडेचं वाकडं दिसणं कमी होतं. आता हाच, डॉक्टरीणबाई सांगतील तोवर लेन्सचं नावही काढायचं नाही, असं तिने बजावलं. वहिनीने आरशात पाहिलं. नाकावर ओझं वाटतंय, म्हणाली. मग बाजूच्या खिडकीतून रस्त्यावरच्या एका गाडीचा नंबर मोठ्याने वाचला, एकदा उजवा डोळा झाकून, एकदा डावा.

कंडक्टरने ती उरलेली थेंबांची बाटली परत मागितली होती. वहिनीने त्याला ती हॉस्पिटलात जमा आहे असं सांगितलं, आणि पुन्हा कुणाला असं औषध देऊ नकोस, मला दिलंस ते माझ्या डोळ्यावर शेकलं असतं, असंही सांगितलं. बिचारा दोन दिवस तिच्याशी मान खाली घालून बोलला. मग तिनेच त्याला चहा पाजला.

दुकानात लेन्सताईने मालकांकडे हट्ट धरला. घरचं माणूस असो की दारचं, डोळा पाहिल्याशिवाय खोका द्यायचा नाही. मालक म्हणाले की अडवलं तर लोक दुसरीकडून घेतील. घेऊ देत, ती म्हणाली. मग त्याच दुपारी तिने लेन्स घेणाऱ्यांची यादी उघडली आणि वर्षभर तपासायला न आलेल्यांना एकेक फोन करायला बसली. काही जणांनी नंतर करतो म्हणून फोन ठेवले. एक गृहस्थ वैतागले. एक शाळेतल्या बाई छान बोलल्या, डोळे अगदी उत्तम आहेत म्हणाल्या. लेन्सताईने मात्र या वेळी विषय उडू दिला नाही. डबी कधी बदलली, पाण्याने धुता का, घालून झोपता का, असं सगळं सरळ विचारलं.  परवा प्रवासात झोपले होते, म्हणाल्या, आणि कालपासून एक डोळा थोडासा खुपतोय, पण लाल वगैरे काही नाही.

"लेन्स काढा आणि आत्ता या," लेन्सताई म्हणाली. "येताना डबीही घेऊन या. मी थांबते."